सव्वा लाखाचा एक रुपया

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात हंगामात बिलांच्या याद्या बनतात. कारखान्याच्या संगणकातली यादी पुष्कळदा सीएसव्ही फाइल होऊन बँकेकडे किंवा हिशेबाच्या दुसऱ्या प्रणालीत जाते. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर: एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. रकाना कुठे संपला हे वाचणाऱ्या प्रोग्रामला फक्त त्या स्वल्पविरामावरून कळते.

अडचण इथेच आहे. आपण रकमेतही स्वल्पविराम देतो. समजा, सणसरच्या एका सभासदाचा ४२ टन ऊस ३,००० रुपये दराने गेला. बिल झाले १,२६,००० आणि कपात १८,५००. रकाने पाच आहेत:

```
क्रमांक,गाव,टन,रक्कम,कपात
1047,सणसर,42,1,26,000,18,500
1047,सणसर,42,"1,26,000","18,500"
```

वरची नोंद प्रोग्रामला आठ रकान्यांची दिसते. रक्कम होते १ रुपया, कपात २६, आणि उरलेले तीन तुकडे शीर्षकाबाहेर लोंबकळतात. खालच्या नोंदीत दुहेरी अवतरणचिन्हांमधला स्वल्पविराम मजकुराचा भाग मानला जातो, म्हणून रकाने पाचच राहतात. २००५ मध्ये आलेल्या RFC 4180 या दस्तऐवजात ही रीत नोंदलेली आहे.

घसरण सगळीकडे सारखी होत नाही, हे अधिक त्रासाचे. ८५० रुपयांची नोंद बिनचूक उतरते, हजारांची एक घर सरकते, आपल्या पद्धतीने लिहिलेली लाखांची दोन घरे. त्यामुळे पहिल्या चार ओळी पाहून फाइल ठीक आहे असे ठरवणे धोक्याचे. रक्कम रकान्याची बेरीज छापील यादीच्या एकूण बेरजेशी ताडली, तर फरक लगेच उघडा पडतो.

अवतरणचिन्हांनाही पथ्ये आहेत. ती कीबोर्डवरची सरळ `"` हवीत; वर्डमधली वळणदार चिन्हे चालत नाहीत. स्वल्पविरामानंतर जागा सोडून चिन्ह दिले, तर अनेक प्रोग्राम ते ओळखत नाहीत आणि रक्कम पुन्हा तुटते. एक्सेलमधून सीएसव्ही जतन केली की ही चिन्हे आपोआप येतात. हाताने टाइप केलेल्या फाइलमध्ये किंवा मजकुराचे तुकडे जोडून फाइल बनवणाऱ्या घरगुती प्रोग्राममध्ये ती राहून जातात. पायथनमध्ये `csv.writer` वापरला तर तो गरजेनुसार चिन्हे घालतो.

चिन्हांनी रकाना वाचतो, रक्कम मात्र अजून आकडा झालेली नसते. पायथनमध्ये `float("1,26,000")` लिहिले की चूक दाखवली जाते. स्वल्पविराम आधी काढावे लागतात. म्हणून आमच्या मते, फाइल आपल्या हातात असेल तर रक्कम `126000` अशीच पाठवावी आणि स्वल्पविराम सभासदाच्या छापील बिलावर द्यावेत. समोरून येणाऱ्या फाइलमधले स्वल्पविराम काढून घेता येत नसतील, किंवा रक्कम छापल्यासारखीच हवी असेल, तिथे अवतरणचिन्हे लागतातच.