सुऱ्यांच्या सेटची जाहिरात कशी वाचावी?



ऑनलाइन सुऱ्यांचा सेट पाहताना आपण फोटो आणि किंमत पाहतो. माझ्या मते आधी पोलादाचे नाव पाहावे. ते दिले नसेल तर पुढे वाचूच नये.

‘स्टेनलेस स्टील’ एवढ्यावरून फक्त गंज कमी लागेल हे कळते, कारण त्यात क्रोमियम असते. धार किती टिकेल हे मुख्यतः कार्बनवर आणि पाते किती कडक केले आहे त्यावर ठरते. जुन्या विळीला गंज चढतो, पण धार उत्तम राहते, ती याचमुळे.

परवा एका जाहिरातीत ‘हाय कार्बन स्टेनलेस’ असे मोठ्या अक्षरांत होते. खाली तपशिलात X20Cr13 लिहिलेले. यातले २० म्हणजे साधारण ०.२० टक्के कार्बन. चांगल्या सुऱ्यांत येणाऱ्या X50CrMoV15 मध्ये तो ०.५० टक्के असतो. म्हणजे मोठ्या अक्षरांतला दावा त्यांच्याच तपशिलाने खोटा पाडला. कडकपणा HRC या आकड्यात देतात. भाजीच्या सुरीला ५५ ते ५७ पुरे. त्याहून फार कडक पाते सुपारी किंवा नारळाच्या करवंटीवर आपटले तर कपरी उडते.

मुठीबाबत ‘नॅचरल’ या शब्दावर थांबा. ते लाकूड असेल, तसेच शिंग किंवा हाडही असेल. आपल्या घरात हा प्रश्न विचारूनच सुरी यावी. लाकडी मूठ पनवेलच्या पावसाळ्यात फुगते आणि खिळ्यांजवळ फट पडून तिथे ओल व अन्नकण साठतात. म्हणून फट नसलेली प्लास्टिकची मूठ मला सोयीची वाटते.

‘कधीच धार लावावी लागत नाही’ यावर विश्वास ठेवू नका. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी न दाबता ओढा. साल न कापता घसरली, तर धार गेली. सेटमधली पोलादी दांडी वाकलेली धार फक्त सरळ करते. गेलेली धार परत आणायला दगडच लागतो. १००० नंबरचा दगड भिजवून, पाते त्याला १५ ते २० अंशांत टेकवून, दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. काटकोनाच्या निम्म्याचे निम्मे करून त्याहून थोडे कमी धरले की अंदाज येतो.

‘मुलांपासून दूर ठेवा’ ही सूचना मला अपुरी वाटते. खणात सुट्या सुऱ्या एकमेकींवर आपटून बोथट होतात आणि हात घालणाऱ्याला कापतात. प्रत्येक पात्याला म्यान द्यावे, सुरी पुसून कोरडी करूनच त्यात घालावी, हे विक्रेत्याने लिहायला हवे. सहा सुऱ्या आणि एकही म्यान नाही, अशा सेटपेक्षा म्यानासकट दोनच चांगल्या सुऱ्या घ्या. आपल्या स्वयंपाकाला त्या पुरतात.