तीन मिनिटांचें प्रास्ताविक

परिसंवादांत प्रत्येक वक्त्यास आरंभीं तीन मिनिटें मिळतात, आणि तीं बहुधा वायां जातात. एवढ्या वेळांत विषयास न्याय देतां येत नाहीं, अशी विद्वान मंडळींची तक्रार असते. आमच्या मतें ही तक्रारच मुळांत चुकीची आहे. विषयास न्याय देण्यास पुढचा सबंध तास व शेजारीं बसलेले वक्ते आहेत; आरंभीं द्यावयाचें तें एक विधान व त्याचे दोन आधार.

मराठींतून विज्ञानशिक्षण या विषयावर बोलतांना आम्हीं स्वतः हा अपराध केलेला आहे. अध्यक्षांस वंदन, भाषेची थोरवी, आणि मग पांच मुद्दे! तिसऱ्या मुद्द्यावर घंटा झाली, व आमच्या नेमक्या कोणत्या म्हणण्यास उत्तर द्यावें, हें पुढच्या वक्त्यास कळेना.

तेंच भाषण आज आम्ही निराळें रचूं. सावकाश बोलल्यास मिनिटास सुमारें 110 शब्द होतात, म्हणजे एकूण 330. पहिले 40 विधानास: ‘प्रत्येक तालुक्यांत निदान एका महाविद्यालयांत अकरावीचें भौतिकशास्त्र मराठींतून शिकण्याची सोय असावी.’ ‘मराठीचें भवितव्य’ हें विधान नव्हे, मथळा होय. ज्यास शेजारचा ‘नाहीं’ म्हणूं शकत नाहीं, त्यावर वाद काय व्हावयाचा?

पुढें एकेका आधारास एकेक मिनिट. पहिला असा कीं, दहावीपर्यंत मराठींत शिकलेल्या मुलास कल्पना नवी आणि भाषाही नवी, अशी दुहेरी चढण चढावी लागते. ‘त्वरण’ ओळखीचें असतांना ‘ॲक्सलरेशन’ पुन्हां पाठ करावें लागतें. एवढा एकच दाखला पुरे. दुसरा आधार म्हणून ‘मुलें नापास होतात’ हें सांगण्याचा मोह होतो. पण दोहोंमध्यें ‘म्हणून’ घालून पाहावें. तो सहज बसला, तर ते दोन आधार नव्हेत, एकाचेच दोन वेष होत. म्हणून दुसऱ्यानें निराळें काम करावें. परिभाषा कोठें आहे, हा आक्षेप हमखास येणार. त्यास आधींच सांगावें कीं, 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयानें परिभाषाकोश काढले आहेत, आणि मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्येंच निघाला.

उरलेले 70 शब्द घाईसाठीं राखावे. त्यांत विधान एकदां पुन्हां उच्चारून थांबावें. चांगल्या क्रमिक पुस्तकांचा तुटवडा हा तिसरा मुद्दा खिशांत ठेवावा, कोणी विचारील तेव्हां काढावा. ज्यास केवळ माहिती देण्यासाठीं बोलाविलें आहे, किंवा ज्याचें मत अद्याप बनलेलें नाहीं, त्यास ही रचना लागू नाहीं, हें आम्हांस मान्य आहे; उसनें विधान पहिल्याच प्रश्नास उघडें पडतें.

अध्यक्षांस वंदन मात्र बसल्या जागीं मान लववून करावें. त्यास शब्द लागत नाहींत.