नव्या शहरातील विद्यार्थी आणि एकटेपणाची पुस्तके

शिक्षणासाठी नव्या शहरात आलेला विद्यार्थी पहिल्या दोन-तीन महिन्यांत केव्हा तरी मराठीच्या प्राध्यापकाकडे येतो आणि ‘काही तरी वाचायला द्या’ असे म्हणतो. त्याला खरोखर काय हवे असते, हे तो बहुधा सांगत नाही. आपणही त्याच्या हाती ठरावीक दोन पुस्तकांपैकी एक ठेवतो. विद्यार्थी वाङ्मयाचा असेल, तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. नसेल, तर डेल कार्नेगी यांच्या मित्र जोडण्याविषयीच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर. ही दोन्ही पुस्तके ज्या पद्धतीने दिली जातात, त्या पद्धतीने ती या मुलाचे काम करीत नाहीत, असे आमचे मत आहे. दोष पुस्तकांचा नाही. ज्या एकटेपणावर आपण ती देतो, तो कोणत्या प्रकारचा आहे याची चौकशी आपण करीत नाही, हा दोष आपल्या देण्याचा आहे.

ही चौकशी करायची कशी, याचा धडा रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ सालच्या एकटेपणावरील पुस्तकात मिळतो. वाइस यांनी दोन प्रकारची माणसे पाहिली. पहिली, जोडीदार गमावलेली किंवा त्याच्यापासून विभक्त झालेली. मंडळांत आणि मित्रांत वावरूनही ती एकटी होती. दुसरी, बोस्टन परिसरात नव्याने राहायला आलेल्या जोडप्यांतील स्त्रिया. त्यांचे संसार नीट चालले होते, नवरे प्रेमळ होते. तरीही त्या एकट्या होत्या, कारण शेजारपाजार, ओळखीची माणसे, रोजच्या येण्याजाण्यातल्या मैत्रिणी हे सारे मागे राहिले होते. यावरून वाइस यांनी दोन प्रकार वेगळे केले. एका जिवाभावाच्या माणसाच्या अभावाने येणारा तो भावनिक एकटेपणा आणि माणसांच्या वर्तुळाच्या अभावाने येणारा तो सामाजिक एकटेपणा. त्यांचे मुख्य म्हणणे असे, की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

वसतिगृहातल्या मुलाला ही कसोटी लावणे अवघड नाही. त्याला दोन प्रश्न विचारावेत. रात्री काही वाईट घडले, तर तू कोणाला फोन करशील? आणि उद्या तू जेवायला आला नाहीस, तर ते कोणाच्या लक्षात येईल? पहिल्या प्रश्नाला तो ताबडतोब आईचे, बहिणीचे किंवा गावाकडच्या मित्राचे नाव सांगतो आणि दुसऱ्याला गप्प बसतो. अशा मुलाचा एकटेपणा बहुतांशी सामाजिक असतो. प्रेम करणारी माणसे त्याला आहेत. ती येथे नाहीत, एवढेच. त्याने रोज दोन तास घरी फोन केला तरी हा एकटेपणा हटत नाही, आणि घरच्यांना याचे कोडे पडते. उलट, मेसमध्ये दहाजणांत हसणारा मुलगा पहिल्याच प्रश्नाला अडखळला, तर त्याची गोष्ट वेगळी आहे. एकच पुस्तक या दोघांना देणे म्हणजे निदान न करता औषध देणे होय.

आता कार्नेगी. १९३६ साली निघालेले हे पुस्तक प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांतून तयार झाले. समोर बसलेली माणसे धंद्यातली होती. त्यांना गिऱ्हाईक, वरिष्ठ, हाताखालची माणसे यांची मने राखायची होती. समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, त्याच्याबद्दल आस्था बाळगा, त्याला बोलू द्या, ही त्यातली शिकवण चुकीची नाही. पण ती एका भेटीची शिकवण आहे. नवख्या विद्यार्थ्याची अडचण पहिली भेट ही नसतेच. पहिल्या आठवड्यात त्याच्या शंभर भेटी होतात. अडचण असते ती पाचव्या, दहाव्या, विसाव्या भेटीची.

त्या पुढच्या भेटींचा हिशेब कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी मांडला. २०१८ मध्ये प्रकाशात आलेल्या त्यांच्या अभ्यासातील सहभागी नेमके आपल्या विषयातले होते : अलीकडेच दुसऱ्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला आलेले विद्यार्थी. ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, खऱ्या मैत्रीला सुमारे ९०, आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक, असा त्यांचा ढोबळ निष्कर्ष आहे. आकड्यांपेक्षाही महत्त्वाची त्यातली दुसरी बाब. वर्गात वा कामावर नाइलाजाने शेजारी बसून काढलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, थट्टा, खाणेपिणे, रिकामपणी एकत्र असणे यांतले तास मैत्री घडवतात. सोळा आठवड्यांचे सत्र धरू. आठवड्यातून एकदा तीन तासांच्या कार्यक्रमाला जाणाऱ्याचे सत्राअखेर ४८ तास भरतात, म्हणजे तो साध्या मैत्रीच्या उंबऱ्यावर पोहोचतो. त्याच तिघांबरोबर रोज रात्री पाऊण तास जेवणाऱ्याचे मात्र ८४ तास होतात. ‘तीन महिने झाले, अजून कोणी मित्र नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला आपल्या स्वभावातच खोट आहे असे वाटत असते. त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. बहुतेक वेळा त्याचे तास भरलेले नसतात. तो रोज वेगळ्या वेळी, वेगळ्या टेबलावर आणि कानाला फोन लावून जेवत असतो.

येथे ‘कोसला’कडे वळू. १९६३ सालची ही कादंबरी आपण विद्यार्थ्याला ‘यात तुझीच गोष्ट आहे’ असे सांगून देतो. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याच्या महाविद्यालयात आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचे वसतिगृह, त्याचा उपरेपणा हे सारे खरेच आहे. पण एकटा मुलगा ही कादंबरी एकटाच वाचतो, तेव्हा तिच्यातून तो बहुधा एकच गोष्ट उचलतो : निवेदकाचा तिरकस स्वर. सगळे ढोंगी, आपण तेवढे पाहणारे, ही भूमिका त्याला आयती मिळते. तुटलेपणाला प्रतिष्ठा लाभते आणि मेसच्या टेबलावर बसण्याची गरजच संपते.

वस्तुतः कादंबरी याहून कितीतरी कठोर आहे. पांडुरंग आरंभी अलिप्त नसतोच. तो वादसभेत शिरतो, वसतिगृहाचा कारभार अंगावर घेतो, संमेलनात नाटक बसवतो, मेसच्या भानगडीत पडतो. तो माणसांत मिसळतो, पण पदे घेऊन आणि पैसे उधळून. भोवती जमलेली मुले त्याच्या खर्चाने मजा करतात. अभ्यास बुडतो, हिशेब अंगावर येतात, वडिलांशी बिनसते. पैसा आणि पद आटल्यावर त्या गर्दीचे काय होते, हे नेमाडे अत्यंत कोरडेपणाने दाखवतात. उरतात सुरेशसारखे मोजके सोबती, ज्यांच्याबरोबर हिंडण्या-बोलण्यात वेळ गेलेला आहे. आमच्या वाचनात ‘कोसला’ हा एकटेपणाचा गौरव नाही. मैत्री विकत घेण्याच्या एका फसलेल्या प्रयोगाचा तो तपशीलवार अहवाल आहे. पुढे धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तेव्हा वाइस यांच्या भाषेत सांगायचे, तर सामाजिक एकटेपणाच्या जागी भावनिक एकटेपणा येतो, आणि भोवतालचा कोणताही घोळका त्यावर उपयोगी पडत नाही.

निवेदकाच्या तिरकसपणाबद्दलही विद्यार्थ्याशी बोलायला हवे. जॉन कॅचिओपो यांनी विल्यम पॅट्रिक यांच्यासह २००८ साली लिहिलेल्या एकटेपणावरील पुस्तकात एक दुष्टचक्र उलगडून दाखवले आहे. दीर्घकाळ एकटा राहिलेला माणूस इतरांच्या वागण्यात नकाराच्या खुणा शोधू लागतो. नसलेल्या जागीही त्या त्याला दिसतात. मग तो आधीच सावध, थंड किंवा खोचक होतो, आणि समोरचा खरोखरच दूर जातो. हे लक्षात ठेवून ‘कोसला’ पुन्हा वाचली, तर निवेदकाचे प्रत्येक शेरेबाज वाक्य हे निरीक्षण आहे की चिलखत, असा प्रश्न पडू लागतो. निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा आपल्या तासिकेतला जुनाच प्रश्न आहे. विद्यार्थ्याच्या आयुष्यात तो असा उतरतो : शेजारच्या खोलीतला मुलगा मान न हलवता गेला, तो शिष्ट म्हणून की त्यालाही भीती वाटत होती म्हणून?

तासांच्या हिशेबालाही मर्यादा आहे, आणि ती किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ सालच्या आत्मकथनात दिसते. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला. आपल्या नावाच्या मध्ये त्याने आईचे नाव लावले. वडिलांचे नाव काय, आई काय करते, गाव कोणते, असे प्रश्न वसतिगृहात ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत येतात. ज्याला त्यांची उत्तरे लपवावी लागतात, तो शेकडो तास एकत्र काढूनही बाहेरच राहतो. सहवास वाढला की उघडे पडण्याची भीतीही वाढते. जात, गरिबी, घरातले काही न सांगण्याजोगे घेऊन आलेल्या मुलाला ‘मिसळत जा’ हा सल्ला अपुरा आहे. त्याला असे पुस्तक हवे, ज्यात कोणीतरी ही उत्तरे छापून मोकळे झाले आहे. ते द्यावे मात्र खासगीत. भर वर्गात ‘हे तुझ्यासाठी’ म्हणून दिले, तर आपणच त्याला उघडे पाडतो.

पुस्तकाचा आवाका जेथे संपतो, ती जागाही ओळखता यायला हवी. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले, खोलीबाहेर पडणे थांबले, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे सुरू झाले, तर ग्रंथालयाची वाट सोडून समुपदेशकाची धरावी. केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक विभागाच्या सूचनाफलकावर असावा.

उरलेल्यांसाठी आमची सूचना साधी आहे. ‘कोसला’ एकट्याला देऊ नका. चौघांना मिळून द्या. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत, दीड तास, आळीपाळीने मोठ्याने वाचायची. चर्चा नाही झाली तरी चालेल, चहा मात्र असावा. सोळा आठवड्यांत ४८ तास होतात. त्यातला एखादा मुलगा एके दिवशी आला नाही आणि उरलेल्या तिघांनी ‘तो कुठे आहे?’ असे विचारले, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजावे. मग कादंबरी अर्धी राहिली तरी बिघडत नाही.