‘ने’ आणि ‘वर’

पावसाळा आला की बातम्यांत हमखास ऐकू येतं, ‘धरणाचे दरवाजे दीड फुटाने उचलले.’ आपल्या हैदराबादेत उस्मानसागर-हिमायतसागर भरले की मराठी घरांतूनही हेच वाक्य फिरतं. त्यातल्या ‘ने’कडे कुणाचं लक्ष जात नाही. माझंही नव्हतं. गेल्या वर्षी महाराष्ट्रातल्या एका मध्यम प्रकल्पाचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा त्या एका अक्षरावर मी चार दिवस घालवले.

आमची टीम सांडव्याच्या दरवाजांची नियंत्रण पॅनेलं आणि त्यांचं सॉफ्टवेअर करते. सोबतची चालन पुस्तिका इंग्रजीत असते. या वेळी मराठी पुस्तिकाही हवी होती, कारण रात्री दोन वाजता बटण दाबणारा माणूस ती मराठीतच वाचणार. एका भाषांतर संस्थेकडून मसुदा आला आणि टीममध्ये मराठी वाचणारा मी एकटाच, म्हणून तपासायला माझ्याकडे आला. कालव्यातलं जादा पाणी नाल्यात सोडणारं जे दार असतं, त्याला इंग्रजीत आणि साइटवरही ‘एस्केप’ म्हणतात. मसुद्यात त्याचं ‘पलायन’ झालं होतं. त्यावर आम्ही हसलो, पण अशी चूक धोक्याची नसते, कारण ती वाचताक्षणी कळते.

धोक्याचं वाक्य अगदी सुबक होतं: ‘सर्व दरवाजे १ मीटरने उचलावेत.’ मूळ इंग्रजीत होतं, दरवाजे १ मीटरच्या स्थितीला आणा.

आता त्या धरणाचंच उदाहरण घेऊ. पाच वक्र दरवाजे, प्रत्येक १२ मीटर रुंद. पाणी सांडव्याच्या माथ्यावर ४.८ मीटर उभं आहे आणि दरवाजे आधीच ५० सेंटीमीटर उघडे आहेत. एवढ्या उघडीपीतून एका दरवाजाखालून साधारण १,२०० क्युसेक पाणी जातं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दरवाजा १०० सेंटीमीटरवर आणला, तर २,३०० क्युसेक. पण आहे त्याहून १ मीटरने उचलला, तर तो १५० वर जातो आणि विसर्ग होतो ३,४०० क्युसेक. पाचही दरवाजांचं धरलं तर साडेअकरा हजारांच्या जागी सतरा हजार. खालच्या गावांना इशारा गेलेला असतो साडेअकरा हजारांचा. त्यावरच कुणी नदीकाठची मोटर वर ओढायची की नाही ते ठरवतो, तर कुणी फरशी पुलावरून शेवटची गाडी काढायची की नाही ते.

दरवाजा पूर्ण बंद असताना हा फरक दिसतच नाही, कारण शून्यापासून १ मीटर‘ने’ आणि १ मीटर‘वर’ एकच. म्हणून कोरड्या दिवसात घेतलेल्या चाचणीत ही चूक कधीच सापडणार नाही. सापडेल ती दुसऱ्यांदा उचलताना, म्हणजे पूर वाढत असताना. तशी मराठीत सोय आहेच. चांगला बातमीदार ‘दीड फुटांवरून तीन फुटांपर्यंत’ असं लिहितो आणि तिथे शंकेला जागा राहत नाही.

मसुदा घेऊन साइटवर गेलो, तेव्हा तिथल्या जुन्या गेट ऑपरेटरना, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, तो मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांनी वाचला आणि विचारलं, “साहेब, फोनवर मला ‘दीड करा’ म्हणतात. ते दीड फूट की दीड मीटर?” प्रश्न रास्त होता. नियंत्रण कक्ष फुटांत बोलतो आणि दरवाजाशेजारच्या तबकडीवर आकडे सेंटीमीटरचे. दीड फूट म्हणजे सुमारे ४६ सेंटीमीटर, दीड मीटर म्हणजे १५०. शिवाय झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये १.५ मधला बिंदू गेला की राहतात पंधरा.

तेव्हा आम्ही ठरवलं की पुस्तिकेत दशांश बिंदू नको, दीड-अडीच नको, फूटही नको. तबकडीवर दिसतो तोच आकडा लिहायचा. वाक्यं अशी झाली: ‘दरवाजा ३. आता काटा ५० वर. ७५ वर आणा. थांबा. काटा पाहा. ७५ फोनवर कळवा.’ मग २ आणि ४, मग १ आणि ५, आणि ही फेरी झाली की पुन्हा ३ पासून १०० वर. मधला आधी आणि बाजूचे जोडीने का, हेही एका ओळीत लिहिलं. एकाच बाजूने पाणी सोडलं तर पायथ्याच्या कुंडात भोवरा होतो, खालचे दगडगोटे आत ओढले जातात आणि काँक्रीट घासून काढतात. बंद करताना क्रम उलटा, कडेचे आधी.

‘डावीकडून दुसरा’ हे शब्दही काढून टाकले. धरणाची डावी बाजू नदीच्या वाहत्या दिशेकडे तोंड करून ठरते आणि पुलावरचा ऑपरेटर पॅनेलसमोर उभा राहतो तो जलाशयाकडे तोंड करून. पाच दरवाजांत त्याचा डावीकडून दुसरा म्हणजे क्रमांक ४. क्रमांक २ वर रबर सील बदलायला माणसं उतरली असतील, तर ‘डावीकडून दुसरा सोडून बाकीचे चालवा’ या वाक्याचा अर्थ काय होईल, बघा. आता पुस्तिकेत फक्त खांबावर रंगवलेला आकडा आहे.

एवढं झाल्यावर ‘ने’ सगळीकडून हद्दपार करावा असं वाटलं होतं, पण कालव्याच्या प्रकरणात तोच अडला. तिथला नियम फरकाचाच आहे: कालव्यातली पातळी २४ तासांत ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरवायची नाही. कारण साधं आहे. आवर्तन चालू असताना अस्तरीकरणामागची माती पाणी पिऊन बसलेली असते. हेड रेग्युलेटर एकदम पाडला की कालवा रिकामा होतो, पण मातीतलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. आतून दाबणारं पाणी राहतं आणि बाहेरून तोलणारं जातं, मग काँक्रीटच्या लाद्या कालव्याच्या बाजूला फुगतात, नाहीतर भराव घसरतो. लाद्यांचे सांधे उघडलेले दिसले, किंवा भरावाच्या माथ्यावर कालव्याला समांतर लांब चीर दिसली, की उतरवणं थांबवायचं.

मसुद्यात हे ‘...पेक्षा अधिक गतीने पातळी कमी करण्यात येऊ नये’ असं तीन ओळींचं वाक्य होतं. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. वाऱ्यापावसात फोनवर वाचताना शेवटचा ‘नये’ गेला, तर मनाईचा हुकूम होतो.

तिथे आम्ही वाक्यच ठेवलं नाही, तक्ता केला. रोज सकाळी ८ वाजता गेज वाचायचा आणि लिहायचा. शेजारच्या रकान्यात त्यातून ३० वजा करून ‘उद्या सकाळपर्यंतची तळपातळी’ मांडायची. आज १६०, तर उद्या १३०. चौकीदाराने तेवढाच आकडा पाहून दार पाडायचं. तात्यांनी त्यात एक बदल सुचवला. वजाबाकी चौकीदाराकडे नको, रेग्युलेटरच्या भिंतीवर १९० पासून खाली जोड्या रंगवून टाका. आता पावसाळ्यानंतर पेंटर येणार आहे.