कात्री कुणाच्या हातात?

‘सेन्सॉर’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की या मंडळाच्या नावात ‘प्रमाणन’ आहे हे आपण विसरूनच गेलो आहोत. कोणत्या वयाने काय पाहावे, हे सांगणे त्याचे मुख्य काम. पण कायदा त्याला काटछाट सुचवण्याचाही अधिकार देतो.

२०१६चा ‘उडता पंजाब’ घ्या. मंडळाने १३ बदल सुचवले. त्यांत पंजाबचे नावच गाळण्याचीही सूचना होती. (मग उडायचे कुणी?) प्रदर्शन १७ जूनला ठरलेले. निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ जूनला न्यायालयाने एक दृश्य वगळायला आणि सुरुवातीचे निवेदन बदलायला सांगून ‘ए’ प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला.

पण एवढी धडपड करणारे थोडेच. तारीख जवळ आलेली, पैसा अडकलेला असतो. शिवाय ‘ए’ चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. त्या हक्कांचे पैसे हवेत म्हणून निर्माता ‘यूए’ मागतो आणि शिवीचा आवाज आपल्या हातानेच बंद करतो. मला ही मुकाट काटछाट अधिक खटकते. घरी पडद्यावर नुसतेच ओठ हलताना दिसले, तर दोष एकट्या मंडळाला देऊ नका.