मीटिंगचं निमंत्रण आलं, पण विषयच नाही: 'No' दाबण्याआधी काय लिहायचं?

मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये ऑफिसच्या कामाबद्दल एक अहवाल काढला. त्यातली एक गोष्ट तेव्हा खूप शेअर झाली: १०० पैकी ५७ मीटिंगा कॅलेंडरवर निमंत्रण न येताच होतात. कोणीतरी थेट कॉल लावतं आणि आपण उचलतो. रात्री आठनंतरच्या मीटिंगा आदल्या वर्षापेक्षा १६ टक्क्यांनी वाढल्याचंही त्यात होतं. ही आकडेवारी मायक्रोसॉफ्टची स्वतःची अ‍ॅप्स वापरणाऱ्यांची आहे, म्हणजे सगळं जग नाही. पण पुण्यात किंवा हैदराबादेत आयटीत काम करणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नुकतं ऑफिस भरलेलं असतं.

त्या ५७ बद्दल भरपूर लिहून झालंय. या लेखात उरलेल्या ४३ बद्दल बोलू, म्हणजे ज्यांचं रीतसर निमंत्रण येतं. कारण तिथे निदान उत्तर द्यायला जागा असते. अडचण एवढीच की निमंत्रणात 'Quick sync' किंवा 'Catch up' एवढंच लिहिलेलं असतं. खालचा रकाना कोरा. एक तास कशासाठी द्यायचा, हे कळत नाही.

कोऱ्या निमंत्रणाचं मूळ

गूगल कॅलेंडर, आउटलुक, आयफोनचं कॅलेंडर ही सगळी अ‍ॅप्स एकमेकांना निमंत्रण पाठवू शकतात, कारण त्यांची भाषा एकच आहे. तिचं नाव आयकॅलेंडर. आज वापरात असलेले तिचे नियम २००९ साली आले. मेलला कधी `.ics` फाइल जोडलेली दिसली असेल, तर ती हीच. साध्या निमंत्रणाचा गाभा साधारण असा असतो:

```
BEGIN:VEVENT
SUMMARY:Quick sync
DTSTART:20250612T103000Z
DTEND:20250612T113000Z
END:VEVENT
```

`DTSTART` म्हणजे सुरुवातीची वेळ. ती सक्तीची आहे. मीटिंगमध्ये काय बोलायचं ते ज्या `DESCRIPTION` ओळीत जातं, ती ऐच्छिक आहे. वरच्या नमुन्यात ती नाहीच, आणि ती नसली म्हणून निमंत्रण नियमाबाहेर जात नाही. वेळ दिली नाही तर अ‍ॅप अडवेल, कारण दिलं नाही तर अडवणार नाही. त्यामुळे निमंत्रण पाठवणारा माणूस आळशी असेलच असं नाही. त्याला कोणी विचारलंच नाही, एवढंच.

काही कंपन्यांनी यावर वरून उपाय करून पाहिला. शॉपिफाय या कॅनडाच्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये तीन किंवा जास्त माणसांच्या, ठरावीक दिवशी होणाऱ्या मीटिंगा एका फटक्यात कॅलेंडरवरून काढून टाकल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी कॅलेंडरमध्ये मीटिंगचा खर्च दाखवणारं गणकयंत्र बसवलं. तीन जणांच्या अर्ध्या तासाच्या मीटिंगला ७०० ते १६०० डॉलर पडतात, असा त्यांचा हिशेब होता. इलॉन मस्कने तर २०१८ मध्ये टेस्लाच्या लोकांना मेल केला होता की आपला उपयोग नाही असं दिसलं तर मीटिंगमधून सरळ उठून जा. मालकाने असं म्हणणं सोपं आहे. आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्याने उठून गेलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून नव्या माणसाच्या हाती जे आहे, तेच नीट वापरायला हवं: निमंत्रणाला द्यायचं उत्तर.

एक निमंत्रण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, तुम्ही एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहात. शुक्रवारी रिलीज आहे. बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या टीमच्या प्रॉडक्ट मॅनेजरकडून निमंत्रण येतं: 'Quick sync – payments', गुरुवारी ४ ते ५, सात जण. रकाना कोरा.

लगेच `No` दाबू नका. आधी निमंत्रण पूर्ण उघडा आणि यादीत कोण आहे ते बघा. तुमचा टीम लीड त्यात आहे का? तुमच्या नावापुढे `Optional` लिहिलंय का? असेल तर पाठवणाऱ्याने स्वतःच सांगितलंय की तुम्ही नसलात तरी चालेल, आणि पुढची बरीचशी मेहनत वाचते. इथे तसं नाही, आणि लीडही यादीत नाही. मग लीडला एका ओळीत कळवा: 'उद्या चारला पेमेंट्सची मीटिंग आलीय, विषय दिलेला नाही. मी आधी विचारून घेते.' नकार नंतर त्याच्या कानावर तिसऱ्याकडून जाण्यापेक्षा हे बरं.

आता पाठवणाऱ्याला मेसेज. नुसतं 'अजेंडा काय आहे?' असं विचारलं की ते उलटतपासणीसारखं वाचलं जातं, आणि उत्तर येतं, 'बोलू ना मीटिंगमध्ये.' त्याऐवजी तुम्ही काय देऊ शकता ते विचारा. मराठीत बोलणारा मॅनेजर असेल तर असं:

'सर, उद्या ४ च्या पेमेंट्स मीटिंगबद्दल. माझ्याकडून कशाचा निर्णय किंवा माहिती हवी आहे? शुक्रवारच्या रिलीजचं टेस्टिंग त्याच वेळात आहे. प्रश्न आत्ता पाठवलेत तर उद्या ११ पर्यंत मेलवर उत्तर देते. बोलायची गरज वाटली तर साडेबाराला १५ मिनिटं कॉल करू शकते.'

या मेसेजमध्ये 'मी येत नाही' कुठेच नाही. अडचण एका वाक्यात आहे, आणि पुढे दोन पर्याय आहेत, दोन्ही वेळेसकट. वेळ न देता 'मेल करा ना' एवढंच म्हटलं तर समोरच्याला ते टाळणं वाटतं, आणि बहुतेकदा ते टाळणंच असतं.

समजा उत्तर येतं की तीन गोष्टी आहेत. रिफंडच्या टेस्ट केसेस झाल्या का? गेल्या आठवड्यातला बग बंद झाला का? आणि नव्या पेमेंट गेटवेची चाचणी या रिलीजमध्ये घ्यायची की पुढच्या? पहिल्या दोन प्रश्नांना माहिती हवी आहे, ती दोन ओळींच्या मेलमध्ये जाते. तिसऱ्यात वाद आहे. टेस्टिंग म्हणेल वेळ नाही, प्रॉडक्ट म्हणेल क्लायंटला शब्द दिलाय. हे मेलवर टाकलं तर दिवसभर 'रिप्लाय ऑल' चालेल. त्यासाठी कॉलच हवा, पण तीनच माणसांचा: मॅनेजर, तुमचा लीड आणि तुम्ही.

हिशेब बघा. सात जणांचा एक तास म्हणजे माणसांचे सात तास. तीन जणांची १५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, अधिक मेल लिहायची दहा मिनिटं. उरलेल्या चौघांचं काय? त्यांना कॉलनंतर ठरलेली गोष्ट दोन ओळींत कळवायची. ते न कळवल्यामुळे पुढच्या आठवड्यात तीच मीटिंग पुन्हा लागते. हे काम नकार देणाऱ्याने स्वतःहून घ्यावं, कारण मेलचा पर्याय त्याने सुचवला होता.

आता बटण

मॅनेजर 'ठीक आहे' म्हणाला की मग कॅलेंडरमध्ये उत्तर द्या. गूगल कॅलेंडरमध्ये `Yes`, `No`, `Maybe` च्या जवळच टीप लिहायची आणि वेगळी वेळ सुचवायची सोय असते. `Propose a new time` चा एक उपयोग फार जणांच्या लक्षात येत नाही: तिथे सुरुवातीची वेळ बदलता येते तशी शेवटचीही येते. म्हणजे चार ते पाचऐवजी साडेबारा ते पावणेएक सुचवा, तासाची पंधरा मिनिटं होतात. तुम्ही सुचवल्याने मीटिंग बदलत नाही, पाठवणाऱ्याने ते मान्य करावं लागतं. दिवसभराच्या कार्यक्रमाला मात्र ही सोय नाही.

टीप लिहिताना जपून. ती फक्त पाठवणाऱ्यालाच दिसते असं समजू नका. पाहुण्यांची यादी उघडी असेल तर तुमच्या नावाखाली ती इतरांनाही वाचता येते. 'विषय नाही म्हणून येत नाही' हे सात जणांसमोर गेलं की मॅनेजरचा पाणउतारा होतो, मग तुमचं म्हणणं कितीही बरोबर असो. टीपमध्ये एवढं पुरे: 'मुद्द्यांवर सरांशी बोलले आहे, उत्तरं मेलवर पाठवते.' बाकीचं खासगी मेसेजमध्ये.

आउटलुकमध्ये उलटा धोका आहे. तिथे नकार देताना उत्तर न पाठवण्याचाही पर्याय असतो. तो निवडला की मीटिंग तुमच्या कॅलेंडरवरून जाते, पण पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. चार वाजता तो तुमची वाट बघत बसतो, आणि नोंद होते ती 'आली नाही' अशी.

तिसरी गफलत दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये होते. एका दिवसापुरतं `No` दाबलं की गूगल विचारतं: `This event` की `All events`? फोनच्या छोट्या स्क्रीनवर घाईत दुसरं दाबलं गेलं तर त्या मालिकेतल्या सगळ्या मीटिंगांना तुमचा नकार गेला. हे झालंय का, ते पुढच्या आठवड्याच्या निमंत्रणात तुमचं उत्तर काय दिसतंय ते बघून कळतं.

कोरं असलं तरी जायचंच

काही निमंत्रणं मुद्दाम कोरी असतात. एचआरने किंवा तुमच्या थेट बॉसने फक्त तुम्हाला बोलावलं असेल तर विषय खासगी असू शकतो. पगार, तक्रार, टीममधला बदल हे कोणी कॅलेंडरवर लिहीत नाही. सर्व्हर बंद पडल्यावर दहा मिनिटांत लागलेल्या कॉललाही अजेंडा मागायचा नसतो. बॉससोबतची दर आठवड्याची दोघांची भेट कोरी असेल तर नकार देण्यापेक्षा तुम्हीच आदल्या दिवशी दोन मुद्दे पाठवा. बहुतेक बॉसना ते आवडतं, कारण त्यांनीही काही ठरवलेलं नसतं.

रात्रीच्या कॉलचं गणित वेगळं आहे. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण तो कायदा झालेला नाही. त्यामुळे अमेरिकेच्या टीमचं साडेनऊचं निमंत्रण आलं तर हक्काची भाषा फारशी चालत नाही, सोयीची चालते. आपल्या संध्याकाळी सहाला मुद्दे लिहून मेल पाठवला, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेआठ झालेले असतात. त्यांचा दिवस सुरू होतानाच उत्तर समोर असतं. एखादा मुद्दा उरलाच, तर साडेसातचा १५ मिनिटांचा कॉल सुचवा, तेव्हा तिकडे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा हीच वेळ आपल्याकडे साडेआठ होते. म्हणून वेळ सुचवताना ती नेहमी दोन्ही ठिकाणची लिहा.