तक्त्यावरील श्वासाचा रकाना

रुग्णालयातील खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता नातेवाईक कुतूहलाने पाहतात, डॉक्टर राउंडच्या वेळी घाईने पाहतात आणि परिचारिका तो भरतात. तो वाचतो कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वॉर्डमध्ये रुग्ण अकस्मात दगावला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो अकस्मात दगावलेला नसतो. मागाहून तक्ता काढून पाहिला, तर कित्येक तास आधीपासून आकडे सरकत होते असे आढळते. आकडे लिहिले गेले होते, पण त्यांचा अर्थ कोणी लावला नव्हता. या उणिवेवर उपाय म्हणून ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली सर्व रुग्णालयांसाठी एकच गुणपद्धती सुचवली आणि २०१७ साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली. 'न्यूज २' या नावाने ती तेथे रूढ आहे. भारतातून तिकडे नोकरीस गेलेल्या परिचारिकांना पहिल्या पाळीपासूनच या तक्त्याशी गाठ घालावी लागते. त्यामागचा विचार मात्र कोणत्याही वॉर्डात उपयोगी पडावा असा आहे.

पद्धत साधी आहे. श्वासाची गती, रक्तातील प्राणवायूचे शेकडा प्रमाण, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप अशा सहा गोष्टी पाहावयाच्या व प्रत्येकीला शून्य ते तीन गुण द्यावयाचे. आकडा निरोगी मर्यादेत असेल तर शून्य. तो वर वा खाली जितका दूर जाईल तितके गुण अधिक. रुग्णाला प्राणवायू लावलेला असेल तर त्याचे आणखी दोन. तक्त्यावर शून्याचा पट्टा पांढरा, एकाचा पिवळा, दोनाचा नारिंगी आणि तिनाचा लाल असतो. त्यामुळे ठिपका कोठे पडला हे नजरेला लगेच कळते. बेरीज एक ते चार असेल तर निदान चार ते सहा तासांनी पुन्हा तपासणी. पाच वा सहा झाली तर दर तासाला तपासणी आणि डॉक्टरांना तातडीने पाचारण. सात किंवा अधिक झाली तर अखंड देखरेख आणि अतिदक्षता विभागाच्या तज्ज्ञांना बोलावणे. बेरीज लहान असली तरी एखाद्या एकाच बाबीत तीन गुण पडले, तर तेथेही तासातासाने पाहावयाचे आणि डॉक्टरांना कळवावयाचे.

येथपर्यंत हा बेरजेचा हिशोब आहे आणि तो कोणालाही एका दुपारी शिकवता येईल. खरी अडचण बेरजेच्या आधी, आकडा मिळवण्यातच येते. सहापैकी चार गोष्टी यंत्राने कळतात. शुद्धी बोलून कळते. श्वास मात्र परिचारिकेने स्वतः उभे राहून, घड्याळाकडे आणि रुग्णाच्या छातीकडे पाहत, पुरा एक मिनिट मोजावयाचा असतो. तीस खाटांच्या वॉर्डात या एका कामाला अर्धा तास लागतो. म्हणून तो मोजण्याऐवजी अंदाजाने लिहिला जातो आणि बहुतेक वेळा अठरा किंवा वीस असाच लिहिला जातो.

हा अंदाज किती महाग पडतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. अडुसष्ट वर्षांच्या एका बाईंच्या आतड्याची शस्त्रक्रिया होऊन तिसरा दिवस उजाडला आहे. सकाळी सहाला श्वास १६, प्राणवायू ९७, नाडी ७८, वरचा रक्तदाब १३८, ताप नाही, बाई पूर्ण शुद्धीत, गुण शून्य. दुपारी दोनला श्वास २०, प्राणवायू ९५, नाडी ९६, रक्तदाब ११८, ताप ३७.८ अंश सेल्सिअस. प्राणवायूचा एक आणि नाडीचा एक, असे गुण दोन. संध्याकाळी सहाला प्राणवायू ९४, नाडी १०४, रक्तदाब १०८, ताप ३८.२. प्रत्येकी एक गुण, म्हणजे चार. श्वासाच्या रकान्यात परिचारिकेने १८ लिहिले आणि त्याचा गुण शून्य. बेरीज चारच राहिली. म्हणून पुढली तपासणी रात्री दहाला ठरली.

बाईंचा श्वास त्या वेळी खरोखर मोजला असता, तर तो २४ भरला असता. एकवीस ते चोवीसला दोन गुण आहेत. बेरीज सहा झाली असती. डॉक्टर तासाभराच्या आत खाटेशी आले असते. रक्ताच्या चाचण्या, शिरेतून द्रव, प्रतिजैविके आणि आतड्याचा जोड सुटला आहे काय याची शहानिशा, हे सर्व संध्याकाळीच सुरू झाले असते. तसे न होता रात्री दहाला श्वास २८, नाडी ११८, रक्तदाब ९६, ताप ३८.४ आणि बाई आपण कोठे आहोत हे विसरलेल्या, अशी स्थिती पुढे आली. गुण तेरा. चार तास हातचे गेले आणि ते न मोजलेल्या एका मिनिटामुळे गेले.

श्वासाला एवढे महत्त्व का, याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की रक्तात आम्ल साचते. ते उणे करण्यासाठी शरीर कर्बवायू भराभर बाहेर टाकू लागते, म्हणजेच श्वास वाढतो. त्याच वेळी हृदय वेगाने चालते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. या धडपडीमुळे रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. तरुण माणसात तर तो फारच उशिरा ढळतो. रक्तदाब चांगला आहे म्हणून निश्चिंत राहणारा, शरीराची झुंज चाललेली असताना सर्व शांत आहे असे मानत असतो. १३८, ११८, १०८ या आकड्यांपैकी पहिल्या दोहोंना एकही गुण नाही. तरीही त्यांची उतरण तक्त्यावर स्पष्ट दिसते. गुण त्या क्षणाची स्थिती सांगतात. ठिपके जोडणारी रेषा रुग्ण कोणत्या दिशेने चालला आहे ते सांगते. नव्या परिचारिकेने बेरीज करण्याआधी डावीकडून उजवीकडे ती रेषा वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

आकडा खरा की अंदाजाचा, हेही तक्ताच सांगतो. नाडी चढत आहे, ताप चढत आहे, आणि श्वासाची रेषा मात्र अठरावर सपाट आहे, असे दिसले तर तो श्वास मोजलेला नाही असे समजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचीही एक पळवाट आहे. त्यात आकडा १६, २०, २४ असाच पडतो आणि एका श्वासाची चूक शून्य गुणांचे दोन करते किंवा दोनाचे शून्य. शिवाय आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळताच माणूस तो नकळत बदलतो. म्हणून अनुभवी परिचारिका मनगट धरून नाडी मोजत आहेत असे भासवतात आणि नजर छातीवर ठेवतात.

प्राणवायूच्या आकड्यातही एक फसगत आहे. रात्री दहाला त्या बाईंना नळीने प्राणवायू लावला आणि यंत्रावर ९६ दिसू लागले. संध्याकाळच्या ९४ हून तो आकडा चांगला आहे आणि त्याला गुण शून्य आहे. पण तो आधाराने मिळाला आहे, म्हणून आधाराचे दोन गुण स्वतंत्रपणे धरावेच लागतात. वरील तेरामध्ये ते आहेत. फुप्फुसांच्या जुन्या विकाराने ज्यांच्या रक्तात कर्बवायू साचतो, अशा काही रुग्णांसाठी तक्त्यावर प्राणवायूची दुसरी मोजपट्टी आहे. तिच्यात ८८ ते ९२ हेच उद्दिष्ट मानतात आणि प्राणवायू चालू असताना आकडा त्याहून वर गेला तर उलट गुण चढतात. ती कोणाला लावावयाची हे डॉक्टरांनी ठरवून तक्त्यावर लिहावयाचे असते. दमेकरी दिसतो म्हणून परिचारिकेने ती आपणहून लावू नये.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या तिच्या कर्त्यांनीही सांगितल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलांना व गर्भवतींना ती लागू नाही. हृदयाची गती आवरणारी औषधे घेणाऱ्याची नाडी संकटातही चढत नाही. लघवी किती झाली याला या तक्त्यात गुणच नाहीत. "आई आज काही वेगळीच बोलते आहे," असे मुलगी सांगते तेव्हा यंत्राला ते कळत नाही. २०१७ च्या सुधारणेत नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकट्याला तीन गुण दिले गेले, ते याचसाठी. त्यामुळे गुण कमी आहेत म्हणून चिंता सोडावी असा या तक्त्याचा अर्थ नाही. परिचारिकेला रुग्ण ठीक वाटत नसेल, तर तेवढ्या कारणावरून डॉक्टरांना बोलावण्याचा तिला अधिकार आहे.

हा अधिकार कागदावर असून भागत नाही. रात्रीच्या पाळीतील नवखी परिचारिका वरिष्ठ डॉक्टरांना उठवण्यास कचरते, कारण "बाईंचे काही बरे दिसत नाही" एवढेच तिच्यापाशी सांगण्यासारखे असते, आणि त्यावर मिळणाऱ्या उत्तराची तिला कल्पना असते. "शस्त्रक्रियेचा तिसरा दिवस, दुपारी गुण दोन होते, आता सहा आहेत, श्वास २४ आणि चढता, रक्तदाब उतरता, आपण तासाभरात येऊन पाहावे," असे ती सांगू शकली तर ते टाळणे डॉक्टरांना अवघड जाते. काय घडते आहे, मागे काय झाले, आपल्याला काय आढळले आणि आता काय हवे, हे चार मुद्दे या क्रमाने आले की निरोपाला वजन येते. कनिष्ठाच्या काळजीला वरिष्ठापर्यंत पोहोचवणारी भाषा या तक्त्याने दिली, हीच त्याची खरी कामगिरी होय.

ती भाषा खोट्या आकड्यांवर उभी राहणार नाही. एका परिचारिकेकडे तीस रुग्ण सोपवावयाचे आणि प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजला जावा अशी अपेक्षा धरावयाची, यातील विसंगती रुग्णालय चालवणाऱ्यांनी ओळखली पाहिजे. पाळीच्या अखेरीस आठवणीने भरलेला तक्ता तपासणीच्या दिवशी नीटनेटका दिसतो, पण रात्री दहाला तो कोणाच्याही उपयोगी पडत नाही. सर्वांचा श्वास मोजणे शक्य नसेल तर निदान ज्यांची नाडी किंवा ताप मागच्या वेळेपेक्षा चढला आहे, त्यांचा तरी पुरा मिनिट मोजावा, आणि जो मोजला नाही त्याचा रकाना मोकळा ठेवावा. मोकळा रकाना पुढच्या पाळीतील परिचारिकेला काय राहिले ते सांगतो. अंदाजाने लिहिलेले अठरा तिला रुग्ण ठीक असल्याची खोटी खात्री देते.